काय हवंय ते पहिल्याच ओळीत लिहिलं तर उद्धट वाटतं का?

वाचकाचं पत्र: ताई, मी एका कंपनीत पेरोलचं काम बघते. माझे मेल लांब होतात हे मला माहितीये, पण परवा सर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला नक्की काय पाहिजे ते आधी सांगत जा." तेव्हापासून मेल लिहायला बसलं की हात अडखळतो. पहिल्याच ओळीत परवानगी मागायची म्हणजे मला उद्धटपणा वाटतो. आणि कारणं न वाचताच ते नाही म्हणाले तर? सोबत एक ड्राफ्ट पाठवतेय, अजून सरांना पाठवलेला नाही. गुरुवारच्या आत त्यांचं उत्तर हवंय. यात काय बदलू?

उत्तर:

तुझी मुदत जवळ होती म्हणून बदललेला मेल तुला आधीच पाठवून दिला. इथे तो कसा बदलला ते सविस्तर लिहितेय, कारण असे ड्राफ्ट बऱ्याच जणांकडे असतात आणि "मेल छोटा कर" एवढं सांगून काहीच उपयोग होत नाही. छोटा करायला गेलं की माणूस नेमकी कामाची माहिती कापतो आणि "आपल्याला माहीतच आहे की" तेवढं तसंच ठेवतो.

आधी तुझा ड्राफ्ट, जसा होता तसा:

> सब्जेक्ट: नवीन पेरोल सॉफ्टवेअरबाबत
>
> नमस्कार सर,
>
> आपल्याला माहीतच आहे की आपण या महिन्यापासून पगार नवीन सॉफ्टवेअरमधून काढायचं ठरवलं आहे. त्यासाठी गेले काही आठवडे आमची टीम चाचणी करत आहे. आम्ही मागच्या तीन महिन्यांचा डेटा नवीन सॉफ्टवेअरमध्ये टाकून पगार काढले आणि जुन्या पगाराशी ताडून बघितले. पहिल्या दोन महिन्यांत काही किरकोळ फरक होते, ते व्हेंडरने दुरुस्त केले. मागच्या महिन्यात २१२ पैकी २०३ जणांचे पगार बरोबर जुळले. उरलेल्या ९ जणांच्या बाबतीत फरक आढळला. तपासल्यावर लक्षात आलं की हे सगळे नाइट शिफ्टचे आहेत आणि त्यांचा ओव्हरटाइम रात्री १२ नंतर असल्याने सॉफ्टवेअर तो पकडत नाही. व्हेंडरशी बोलणं झालं, त्यांनी दुरुस्तीला साधारण दहा दिवस लागतील असं सांगितलं आहे. आपल्याकडे पगाराची फाइल २५ तारखेला बँकेत जाते. जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स अजून दोन महिने आहे. व्हेंडरने गुरुवारपर्यंत कळवायला सांगितलं आहे कारण त्यानंतर ते हजेरीच्या डेटाची जोडणी नवीन सॉफ्टवेअरकडे वळवणार आहेत. त्यामुळे शक्य झाल्यास या महिन्याचा पगार जुन्याच सॉफ्टवेअरमधून काढता येईल का असा विचार आहे. तरी याबाबत आपलं मार्गदर्शन मिळावं ही विनंती.

आता हा मेल सरांच्या बाजूने वाच. सब्जेक्टमध्ये फक्त विषय आहे, काय करायचंय ते नाही. मोबाइलवर मेलच्या यादीत सब्जेक्टच्या खाली जे थोडे शब्द दिसतात त्यात "नमस्कार सर, आपल्याला माहीतच आहे की" एवढंच येतं, म्हणजे उघडायच्या आधीच असं वाटतं की यात नवीन काही नाही, नंतर बघू. उघडला तरी पहिली बरीच वाक्यं वाचताना सरांना कळत नाही की ही माहिती आपण कशासाठी वाचतोय. चाचणी नीट चालू आहे हे सांगतेय की अडचण आहे म्हणून सांगतेय? २०३ जणांचे पगार जुळले ही चांगली बातमी म्हणून वाचायची का वाईट? ते प्रत्येक आकडा डोक्यात धरून ठेवतात, कारण पुढे कशाला लागेल ते माहीत नाही, आणि शेवटी पोचतात तेव्हा अर्धे निसटलेले असतात. मग पुन्हा वर जाऊन वाचावं लागतं किंवा, जे जास्त वेळा होतं, मेल तसाच राहून जातो.

तुझ्या ड्राफ्टमध्ये माहिती कमी नाहीये आणि चूकही नाहीये. कामात तुला जे ज्या क्रमाने सापडलं त्याच क्रमाने तू ते लिहिलंस: आधी चाचणी, मग फरक, मग कारण, मग व्हेंडर, आणि शेवटी "आता काय करायचं". विचार करताना हाच क्रम बरोबर असतो, म्हणून पहिला ड्राफ्ट असा निघाला तर त्याला थांबवू नकोस, बिनधास्त तसाच लिही. लिहिता लिहिताच आपल्याला कळतं की आपलं म्हणणं काय आहे, ते आधीच कळलेलं नसतं. फक्त तो ड्राफ्ट तुझ्यासाठी आहे एवढं धर, सरांसाठीचा मेल त्यानंतर त्याच्यातून बनवायचा.

तो कसा बनवायचा, तर ड्राफ्टमध्ये दोन वाक्यं शोधायची. एक निष्कर्ष, म्हणजे "माझ्या मते काय करायला हवं", आणि दुसरी मागणी, म्हणजे "त्यासाठी तुम्ही काय करायचं, कधीपर्यंत". ही दोन वेगळी आहेत आणि गडबड इथेच होते, कारण बहुतेक ड्राफ्टमध्ये यातलं एकच असतं किंवा दोन्ही अर्धवट असतात. तुझ्याकडे निष्कर्ष आहे, शेवटून दुसऱ्या वाक्यात, पण तो "शक्य झाल्यास", "काढता येईल का", "असा विचार आहे" अशा तीन पांघरुणांखाली आहे. मागणी तर नाहीचे. "मार्गदर्शन मिळावं" ही मागणी होत नाही, कारण त्याला काय उत्तर द्यायचं ते सरांना ठरवावं लागतं. तपासायची सोपी रीत म्हणजे समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येतंय का बघायचं. "याबाबत मार्गदर्शन मिळावं" याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. "या महिन्याचा पगार जुन्या सॉफ्टवेअरमधून काढायला परवानगी द्याल का" याला येतं, चालत्या लिफ्टमध्ये उभं राहूनही येतं.

इथे मला तुला थोडं थांबवून विचारायचंय. "मार्गदर्शन मिळावं" असं तू नम्रपणा म्हणून लिहिलंस की स्वतःचं मत मांडायचा आपल्याला अधिकार नाही असं वाटतं म्हणून? मला ड्राफ्ट वाचून दुसरं वाटलं. या ९ जणांबद्दल आख्ख्या ऑफिसात सगळ्यात जास्त माहिती तुला आहे, तीन महिन्यांचे पगार एकेक करून तू ताडलेस, व्हेंडरशी तू बोललीस. मग सगळे सुटे आकडे सरांच्या पुढ्यात ठेवून "आता तुम्हीच ठरवा" म्हणायचं म्हणजे ज्यांना कमी माहिती आहे त्यांना विचार करायला लावायचा आणि ज्याला जास्त माहिती आहे त्याने गप्प बसायचं. निर्णय सरांचाच आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण शिफारस तुझी हवी. सर मीटिंगमध्ये जे म्हणाले ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं हे मान्य, पण त्यातली मागणी बहुतेक हीच होती.

उद्धटपणाचं म्हणशील तर तो क्रमात नसतो, क्रियापदात असतो. "या महिन्याचा पगार आम्ही जुन्या सॉफ्टवेअरमधून काढत आहोत, कळावे" हे वाक्य मेलच्या शेवटी लिहिलं तरी उद्धटच आहे, कारण त्यात सरांना विचारलेलंच नाही. आणि "असं माझं मत आहे, याला आपली परवानगी हवी आहे" हे पहिल्या ओळीत लिहिलं तरी त्यात निर्णय कोणाचा आहे ते स्वच्छ दिसतं. वर "नमस्कार सर" आहे, "आपली" आहे, तेवढा आदर पुरतो. उलट दहा वाक्यांची प्रस्तावना वाचायला लावणं हे समोरच्याच्या वेळेचं काही फार सन्मानाचं नाही.

आता न वाचताच नाही म्हणतील ही भीती. तिच्यामागे एक गृहीतक आहे की कारणं आधी वाचली की माणूस हळूहळू आपल्या बाजूला येतो. गोष्ट सांगताना तसं होतं, ऑफिसच्या मेलमध्ये सहसा होत नाही, कारण काय ठरवायचंय हे माहीत नसलेला माणूस कारणं कारणं म्हणून वाचतच नाही, नुसती माहिती म्हणून वाचतो. मागणी आधी कळली की तेच २०३ आणि ९ हे आकडे तो "बरं, मग थांबायला एवढं पुरेसं आहे का" अशा नजरेने वाचतो. आणि समजा खरंच लगेच नाही म्हणाले, तर ते सोमवारी कळलेलं बरं का गुरुवारी संध्याकाळी? सोमवारीच नकार आला तर तुझ्या हातात त्या ९ जणांचं काय करायचं ते ठरवायला वेळ आहे.

तर दोन वाक्यं सापडली, ती वर न्यायची. पण नुसती उचलून वर चिकटवायची नाहीत, इथे हमखास एक चूक होते. शेवटच्या पॅरातलं वाक्य तसंच वर नेलं की ते "त्यामुळे" किंवा "तरी" ने सुरू होतं, किंवा त्यात "ही अडचण", "वरील बाब" असं काहीतरी असतं जे आधीच्या मजकुरावर लटकलेलं असतं. वर गेल्यावर तो मजकूर उरत नाही. म्हणून वर गेलेली वाक्यं नव्याने लिहायची, अशी की बाकी मेल कोणी वाचलाच नाही तरी कळावं कोणता पगार, कोणतं सॉफ्टवेअर, कोणी, कधीपर्यंत. सब्जेक्ट आणि पहिली दोन वाक्यं एवढंच एखाद्या सहकाऱ्याला दाखव आणि विचार, सरांनी काय करायचंय? त्याने बरोबर सांगितलं तर झालं.

मुदतीबद्दल एक बारीक गोष्ट. व्हेंडरला गुरुवारपर्यंत कळवायचंय म्हणून सरांकडेही "गुरुवारपर्यंत" मागू नकोस. ते संध्याकाळी सात वाजता हो म्हणाले तर तू व्हेंडरला कधी कळवणार? दुपारी ३ माग, आणि ती वेळ का ते त्याच वाक्यात सांग. कारण नसलेली मुदत दबाव टाकल्यासारखी वाटते, कारण दिलं की ती नुसती माहिती होते.

आता उरलेल्या मजकुराचं. प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: हे काढलं तर सरांचा निर्णय बदलेल का? "आपण नवीन सॉफ्टवेअरमधून काढायचं ठरवलं आहे", हे त्यांनीच ठरवलंय, गेलं. "टीम चाचणी करत आहे", गेलं. पहिल्या दोन महिन्यांतले किरकोळ फरक दुरुस्त झाले, त्यांचा आता निर्णयाशी संबंध नाही, ते चाचणीच्या तक्त्यात आहेतच, तिथे राहू देत. हे काढताना तुला वाईट वाटेल, कारण त्यात तुमच्या टीमची मेहनत आहे आणि ती सरांना दिसावी असं वाटणं अगदी रास्त आहे. पण ती वेगळ्या मेलमध्ये दाखव, चाचणी पूर्ण झाल्यावर, तिथे ती नीट वाचली जाईल. परवानगी मागताना ती वाट अडवते.

जे उरलं त्याचे मुद्दे. तीन पुरेत, चार चालतील, सात झाले की त्यातला महत्त्वाचा कोणता ते पुन्हा वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं. आणि मुद्दा म्हणजे मथळा नाही. "ओव्हरटाइमचा प्रश्न", "वेळेची अडचण", "लायसन्स" असे मुद्दे लिहिलेले मेल खूप दिसतात, ते दिसायला आटोपशीर असतात पण त्यातून काही कळत नाही. लायसन्सचं काय? संपतंय, महाग आहे, की अजून चालू आहे? मुद्दा पूर्ण वाक्यात हवा आणि त्या वाक्याने काहीतरी म्हटलेलं हवं, "थांबल्याने लायसन्सचा खर्च वाढत नाही, जुनं अजून दोन महिने चालू आहे" असं.

तुझ्या ड्राफ्टमध्ये एक गोष्ट अशी आहे जी लिहिलेलीच नाही आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण तेच आहे. दुरुस्तीला दहा दिवस हे एका वाक्यात आहे, फाइल २५ ला जाते हे दुसऱ्या वाक्यात आहे, पण दोन्ही जोडून काय होतं ते तू सांगितलंच नाहीस. आज सोमवार ११ तारीख. दहा दिवस म्हणजे गुरुवार २१. शुक्रवार २२, मग शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी २५ ला फाइल बँकेत. म्हणजे दुरुस्ती अगदी वेळेवर आली तरी ती बरोबर झालीये का हे तपासायला हातात एक शुक्रवार. हे वाचल्यावर कोणीही म्हणेल की नको, थांबू. पण तू तारखा दिल्यास आणि बेरीज सरांवर सोडलीस. मोठ्या ड्राफ्टमध्ये असं फार होतं, माहिती सगळी असते आणि "म्हणून" नसतं. मागणी वर नेली की हे लगेच उघडं पडतं, कारण मग प्रत्येक मुद्द्याला त्या मागणीला उत्तर द्यावं लागतं.

आणि मुद्द्यांचा क्रम? सर सगळ्यात आधी काय विचारतील त्याप्रमाणे. "थांबायचं" म्हटल्यावर पहिला प्रश्न "का, काय बिघडलंय", दुसरा "मग २५ च्या आत दुरुस्त का नाही होणार", तिसरा "थांबल्याने खर्च किती". आणि मला वाटतं एक चौथा प्रश्न येणारच, तो म्हणजे "नऊच तर लोक आहेत, त्यांचा ओव्हरटाइम हाताने भर की". हा पर्याय तू ड्राफ्टमध्ये घेतलाच नाहीस. तो लपवून चालत नाही, सरांना तो अर्ध्या मिनिटात सुचेल आणि मग त्यांना वाटेल की हिने याचा विचारच केलेला नाही. म्हणून दुसरा पर्याय एका ओळीत स्वतःहून लिहायचा आणि तो तुला का नको वाटतो ते प्रामाणिकपणे सांगायचं. प्रामाणिकपणे म्हणजे तो करता येण्यासारखा असेल तर "करता येईल" असं लिहायचं.

हे सगळं धरून मेल असा झाला:

> सब्जेक्ट: परवानगी हवी, गुरुवार १४ पर्यंत – या महिन्याचा पगार जुन्या सॉफ्टवेअरमधून
>
> नमस्कार सर,
>
> या महिन्याचा पगार जुन्याच सॉफ्टवेअरमधून काढावा आणि नवीन सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यापासून सुरू करावं असं माझं मत आहे. याला आपली परवानगी गुरुवार १४ तारखेला दुपारी ३ पर्यंत हवी आहे, कारण व्हेंडर त्या संध्याकाळनंतर हजेरीची जोडणी नवीन सॉफ्टवेअरकडे वळवणार आहे.
>
> १. नवीन सॉफ्टवेअर नाइट शिफ्टच्या ९ जणांचा रात्री १२ नंतरचा ओव्हरटाइम धरत नाही, त्यामुळे त्यांना पगार कमी जाईल. बाकी २०३ जणांचे पगार जुळले आहेत.
>
> २. व्हेंडरची दुरुस्ती साधारण २१ ला मिळेल आणि पगाराची फाइल २५ ला बँकेत जाते. मध्ये फेरचाचणीला एकच कामाचा दिवस उरतो.
>
> ३. थांबल्याने लायसन्सचा खर्च वाढत नाही, जुनं लायसन्स अजून दोन महिने चालू आहे.
>
> दुसरा पर्याय म्हणजे पगार नवीन सॉफ्टवेअरमधून काढून या ९ जणांचा ओव्हरटाइम हाताने भरणं. ते करता येईल, पण या महिन्यात आणखी कोणाची नाइट शिफ्ट लागली असेल तर त्यांच्या पगारातली चूक फाइल जायच्या आधी लक्षात येईलच याची खात्री नाही.
>
> चाचणीचा तक्ता सोबत जोडला आहे.

एकही महत्त्वाची गोष्ट गेलेली नाही, उलट दोन वाढल्यात. लांबीसुद्धा जुन्या मेलपेक्षा फार कमी झालेली नाही, ते बघ. सरांची तक्रार लांबीची नव्हतीच. फक्त आता ते पहिल्या दोन वाक्यांवर थांबले तरी उत्तर देऊ शकतात, आणि शंका आली तर खाली उतरू शकतात, जितकं हवं तितकंच. बातमीत हीच रीत असते, मुख्य गोष्ट पहिल्या पॅरात आणि तपशील खाली उतरत जातो, म्हणजे जागेअभावी खालून कापलं तरी बातमी उरते. अमेरिकन लष्कराच्या पत्रव्यवहाराच्या नियमांतही मुख्य मुद्दा सुरुवातीला लिहा असं स्पष्ट सांगितलेलं आहे, तेव्हा वरिष्ठांशी असं लिहिणं शिस्तीत बसत नाही असं समजायचं कारण नाही.

सब्जेक्ट मी शेवटी लिहिला, तूही शेवटीच लिहीत जा. मेल नक्की काय मागतोय ते ठरल्यावर सब्जेक्ट आपोआप होतो: काय हवंय, कधीपर्यंत, कशाबद्दल. आणि जुन्याच एखाद्या मेलला रिप्लाय करून ही मागणी पाठवू नकोस. "नवीन पेरोल सॉफ्टवेअरबाबत" या नावाखाली आधीच वीस मेल झाले असतील तर एकविसावा निर्णयाचा आहे हे कोणाला कळणार? निर्णयाचा मेल नवा सुरू करायचा. सीसीमध्ये कोण आहे तेही बघ. परवानगी एकाने द्यायचीये, तर "टू" मध्ये एकच नाव. चार नावं टाकली की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल उत्तर. आणि त्या ९ जणांची नावं आणि रकमा मेलच्या मजकुरात नकोत, जोडलेल्या तक्त्यातही ज्याला बघायचा अधिकार आहे त्यालाच जातील असं बघ, पगाराची माहिती आहे ती.

तुझ्यासारख्याच इतरांसाठी एक सांगते, की हा क्रम सगळीकडे लावायचा नाही. एखाद्याला त्याच्याबद्दलची वाईट बातमी द्यायची असेल, बढती नाकारली गेली किंवा काम काढून घेतलं असं काही, तर ती मेलच्या पहिल्या ओळीत फेकायची नसते, ती आधी बोलून सांगायची आणि मेल नंतर. माफी मागायची असेल तर मुद्दे घालून मागू नये. जो माणूस आपल्याला ओळखतच नाही त्याला मागणीच्या आधी एक वाक्य आपण कोण ते लागतं, एकच. आणि जेव्हा आपलाच निष्कर्ष झालेला नसतो तेव्हा उगाच ठाम वाक्य वर लिहायचं नाही. तेव्हा खरी मागणी "अर्धा तास बोलायला वेळ द्याल का, अ आणि ब मध्ये मला ठरवता येत नाहीये" अशी असते, आणि तीही पहिल्या ओळीतच लिहायची. एका मेलमध्ये दोन निर्णय मागायचे असतील तर दोन मेल कर, कारण लोक सोप्या प्रश्नाला उत्तर देतात आणि अवघड तसाच राहतो.

काही जण मेलच्या शेवटी लिहितात की उत्तर नाही आलं तर होकार समजून पुढे जाते. छोट्या, मागे घेता येणाऱ्या गोष्टींना ते चालतं, मीटिंगची वेळ वगैरे. पगाराला नाही चालत. इथे गप्प राहण्याचा अर्थ तू लावायचा नाहीस.

म्हणून उत्तर आलंच नाही तर काय, तेही ठरवून ठेव. बुधवारी दुपारपर्यंत वाट बघ, मग त्याच मेलला रिप्लाय कर म्हणजे मूळ मजकूर खाली राहील, आणि वर एवढंच लिही: "सर, या महिन्याचा पगार जुन्या सॉफ्टवेअरमधून काढायला परवानगी उद्या दुपारी ३ पर्यंत हवी आहे. कारणं खाली आहेत. हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी चालेल." आठवण करून देतेय, त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व, असं काही जोडू नकोस. गुरुवारी सकाळी अकरापर्यंतही काही नाही आलं तर मग मेल पुरे, उठून केबिनमध्ये जा किंवा फोन कर, आणि तिथेही पहिलं वाक्य हेच असू दे. तोंडी हो मिळाला तर बाहेर येऊन लगेच त्याच मेलवर एक ओळ टाक, "आत्ता बोलल्याप्रमाणे या महिन्याचा पगार जुन्या सॉफ्टवेअरमधून काढते, व्हेंडरला कळवतेय", आणि मगच व्हेंडरला मेल कर.